डोंगर लुकलुकतात, सावल्या थरथरतात, भिंती जांभळ्या: जुनं स्कायरिम आणि नवं कार्ड

*प्रश्न: दादा, मी वेंगुर्ल्याचा. दहा वर्षं जुनं कार्ड काढून १२ जीबीचं नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि हौसेनं २०११ चं मूळ स्कायरिम परत टाकलं, हाय रेझोल्यूशन टेक्श्चर पॅक आणि थोड्या मॉडसकट. आता लांबचे डोंगर सारखे लुकलुकतात, उन्हातल्या सावल्या थरथरतात, भिंतींवर पट्टे दिसतात आणि तासाभरानं काही घरं काळी पडतात, एकदोन वस्तू तर कायमच्या जांभळ्या. ड्रायव्हर तीनदा पुसून टाकला. नवीन गेम मस्त चालतात. कार्ड खराब आलंय की आमच्या खाऱ्या हवेनं काही झालंय?*

कार्ड परत पाठवू नका. खाऱ्या हवेवर किती आळ घ्यायचा त्याला मर्यादा आहे. आमच्याकडे कुडाळात दुरुस्तीला येणाऱ्या मशिनींच्या रॅमचे पाय हिरवे झालेले असतात, पंख्यात मिठाचा थर असतो, ते खरंच. पण तसा बिघाड जागा बघून येत नाही. कार्डाची मेमरी बिघडली तर रंगीत चौकोन कुठेही उमटतात, दुसऱ्या गेममध्येही आणि कधीकधी डेस्कटॉपवरही. तुमचा डोंगर मात्र रोज त्याच ठिकाणाहून, त्याच कड्यावर लुकलुकत असणार. तपासून बघा: एका जागी सेव्ह करा, मशीन बंद करून पुन्हा चालू करा, तोच सेव्ह उघडा. तीच शिखरं तशीच लुकलुकली तर हा हिशेबातला दोष आहे, तांब्यातला नाही.

तुम्ही तीन तक्रारी एका दमात सांगितल्यात आणि तीन वेळा ड्रायव्हर पुसलात, गडबड तिथेच झाली. ही तीन वेगळी दुखणी आहेत. डोंगरांचं दुखणं अंकांच्या बारकाईचं, सावल्यांचं नेमक्या अंतराच्या फरकाचं आणि काळ्या भिंतींचं मेमरीचं. पहिली दोन या गेममध्ये जन्मापासून आहेत. जुन्या कार्डावर तुम्ही लहान पडद्यावर, कमी दर्जाच्या सेटिंगवर खेळत होता, म्हणून ती डोळ्यांत भरली नाहीत. नवीन कार्ड बसल्यावर लाँचरनं सगळं अल्ट्रावर नेऊन ठेवलं असेल आणि झाकलेलं उघडं पडलं.

हात घालण्याआधी दोन कामं करा. `Documents\My Games\Skyrim` या फोल्डरमधल्या `Skyrim.ini` आणि `SkyrimPrefs.ini` या दोन्ही फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नाही, आणि फाईल सेव्ह होता होता वीज गेली की ती अर्धवट राहते. शिवाय लाँचरमध्ये जाऊन दर्जा बदललात की तो `SkyrimPrefs.ini` मधल्या तुमच्या हातच्या ओळी बदलून टाकतो, तेव्हा आता लाँचरच्या त्या पानाकडे फिरकू नका. दुसरं, ड्रायव्हरच्या पॅनलमध्ये या गेमसाठी काही लादलेलं असेल, म्हणजे अँटिअलायसिंग, अँबियंट ऑक्लूजन वगैरे, तर ते सगळं 'गेम ठरवेल' वर आणा. जुन्या गेमवर बाहेरून लादलेलं अँबियंट ऑक्लूजन धुक्यात आणि पानांत अशी थरथर आणतं की माणूस सावल्यांची सेटिंग बदलत बसतो आणि चूक भलतीकडेच असते.

पॅनलमध्ये आहातच तर फ्रेमची मर्यादा ६० वर ठेवा. तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर `iPresentInterval=1` असूनही गेम १४४ पर्यंत धावेल, आणि याचं भौतिकशास्त्र ६० च्या पुढे बिथरतं. टेबलावरच्या थाळ्या आपोआप उडायला लागतात. तो विषय वेगळा, पण पुढचं काही पारखायचं तर तो गोंधळ मध्ये नको.

आता डोंगर.

गेल्या पावसाळ्यात मालवणचा एक मुलगा नेमकी हीच तक्रार घेऊन दुकानात आला होता. कॅबिनेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "दादानू, डोंगर लुकलुकतत मरे!" त्याला मी दांडीच्या किनाऱ्यावरचं उदाहरण दिलं, तेच तुम्हाला देतो. किनाऱ्याजवळ दोन होड्या असल्या तर कुठली अलीकडे, कुठली पलीकडे, हे लहान मूलही सांगेल. त्याच दोन होड्या क्षितिजाजवळ गेल्या की तुम्ही एकदा ही पुढे म्हणाल, एकदा ती. कार्डाचं तसंच होतं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी ते 'ही वस्तू किती लांब' याची नोंद ठेवतं, त्या नोंदवहीला डेप्थ बफर म्हणतात. एकाच ठिपक्यावर दोन पृष्ठभाग आले की ज्याचा आकडा लहान तो दिसतो. दोघांचे आकडे सारखेच पडले, तर कॅमेरा केसभर हलला की कधी हा जिंकतो कधी तो. ही झेड-फायटिंग. स्कायरिममध्ये लांबचे डोंगर म्हणजे दूरच्या जमिनीचा साधा थर आणि त्यावर ठेवलेले कमी तपशिलाचे कडे, एकमेकांना अगदी खेटून. त्यामुळे भांडण तिथेच जुंपतं.

या नोंदवहीत २४ बिट, म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात. आकडा मोठा वाटतो, पण पायऱ्या सारख्या अंतरावर नसतात. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात एक काल्पनिक काच असते, तिच्या अलीकडचं काहीच काढलं जात नाही. तिचं अंतर म्हणजे `fNearDistance`, मूळ गेममध्ये १५ एकक. स्कायरिममध्ये सुमारे ७० एककांचा एक मीटर होतो, म्हणजे काच डोळ्यांपासून साधारण २१ सेंटिमीटरवर. आणि गंमत अशी की एकूण पायऱ्यांतल्या निम्म्या पायऱ्या १५ ते ३० एककांतच संपतात. म्हणजे नाकापुढच्या वीतभर जागेत निम्मी नोंदवही भरली, आणि उरलेल्या निम्मीत आख्खं स्कायरिम बसवायचं. लांब गेल्यावर एका पायरीत किती अंतर मावतं, त्याचं ढोबळ सूत्र असं:

```
dz = z*z / (n * 16777216)
```

इथे `z` म्हणजे वस्तूचं अंतर आणि `n` म्हणजे काचेचं. १,००० एककांवर, चौदाएक मीटरवर, एक पायरी एका एककाच्या अडीचशेव्या भागाएवढी, म्हणजे चिंताच नको. १,००,००० एककांवर, सव्वा ते दीड किलोमीटरवर, ती सुमारे ४० एकक होते, म्हणजे ५७ सेंटिमीटर. अंतर आणखी दुप्पट केलं की पायरी चौपट, सव्वादोन मीटरच्या आसपास. त्या शिखरावर जमिनीचा थर आणि कडा यांत दीड मीटरचं अंतर असेल, तरी कार्डाच्या लेखी दोन्ही एकाच पायरीवर.

सूत्रात `n` खाली आहे हे लक्षात घ्या. ती काच थोडी पुढे सरकवली की फायदा थेट मिळतो: १५ ऐवजी २५ केलं तर ५७ सेंटिमीटरची पायरी ३४ वर येते. उलट, 'दूरचं अंतर कमी करा' असा सल्ला जागोजागी मिळतो, पण त्यानं पायरी जवळजवळ बदलत नाही. त्यानं फक्त लांबचे डोंगर दिसायचे बंद होतात आणि दुखणं गेल्यासारखं वाटतं. `Skyrim.ini` मध्ये `[Display]` खाली ही ओळ शोधा, नसेल तर लिहा:

```
[Display]
fNearDistance=20
```

आधी २० करा, बघा, मग २५. तिशीच्या पुढे जाऊ नका. काच पुढे सरकली की तिच्या अलीकडचं सगळं कापलं जातं. अरुंद भुयारात भिंतीला खेटून उभे राहिलात की भिंतीतून आरपार दिसायला लागेल, शेजारी उभ्या माणसाच्या डोक्याचा आतला भाग दिसेल. तसं झालं की दोनतीन एकक मागे या. मालवणच्या मुलाचं गाडं २३ वर थांबलं, कारण २५ वर त्याला एका तळघरात भिंतीपलीकडचं दिसत होतं आणि तो चिडत होता.

यानं लुकलुकणं कमी होतं, सगळं जात नाही. अगदी शेवटच्या रांगेतली एखादी डोंगरकडा तशीच राहील. मला कुणी 'शंभर टक्के जातं' म्हणालं की मी समजतो, यानं धुक्याच्या दिवशी बघितलं असणार. मध्येच कुणी तुम्हाला '३२ बिट डेप्थ वापरा' असंही सांगेल. तो ३२ बिटचा आकडा दशांश-बिंदूवाला असतो आणि त्याची बारकाई शून्याजवळ साठलेली असते. लांबच्या वस्तूंची नोंद पडते एकच्या जवळ, तिथे त्याच्या पायऱ्याही २४ बिटवाल्याएवढ्याच जाड. नवीन गेम ही नोंद उलटी करून, लांबचं शून्याकडे ठेवून, त्याचा फायदा उचलतात. पण जुन्या गेमला तसं करायला लावणं आपल्या हातात नाही.

एक भेद मात्र ओळखायला शिका. जवळ जाल तसं लुकलुकणं नाहीसं होत असेल तर ते वर सांगितलेलं. पण पायाखालच्या रस्त्यावर, घराच्या पायरीवर, हाताच्या अंतरावरही दोन चित्रं एकमेकांतून फडफडत असतील, तर तिथे दोन पृष्ठभाग अक्षरशः एकाच पातळीवर ठेवलेत. बहुतेक वेळा दोन मॉडनी एकाच जागी आपापला रस्ता किंवा आपापली पायरी टाकलेली असते. तिथे कितीही बारकाई आणलीत तरी दोघांचा आकडा सारखाच निघणार. यातला एक मॉड काढा किंवा त्या दोघांना जुळवणारा पॅच मिळतो का बघा. त्यासाठी `fNearDistance` वाढवत बसलात तर डोंगराचं औषध गुडघ्याला लावल्यासारखं होईल.

सावल्यांचं मूळही खोलीच्या नोंदीतच आहे, फक्त इथे कॅमेरा सूर्याच्या जागी असतो. गेम आधी सूर्याकडून बघून 'कोणत्या दिशेला पहिली वस्तू किती लांब' असा नकाशा काढतो. मग पडद्यावरचा प्रत्येक ठिपका त्या नकाशाशी ताडून बघतो: मी सूर्यापासून नोंदीपेक्षा लांब असेन तर मी सावलीत. हा नकाशा चौकटींचा असतो. `iShadowMapResolution` अल्ट्रावर ४०९६ आणि `fShadowDistance` ८००० असतं. सगळ्या बाजूंना तेवढं अंतर, म्हणजे १६,००० एकक रुंदीचा चौकोन एकाच नकाशात बसवायचा म्हटलं, तर एक चौकट जवळपास चार एककांची, साडेपाच सेंटिमीटरची. प्रत्यक्षात वाटणी याहून थोडी हुशारीनं होते, पण अंदाजाला हे पुरे.

तुम्ही 'थरथरतात' म्हणता, त्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कुठली ते बघायला एका माणसाजवळ, उन्हात, काहीही न दाबता मिनिटभर उभे राहा.

चालताना सावलीच्या कडा मुंग्यांसारख्या वळवळतात पण थांबलात की शांत होतात, तर चौकटी मोठ्या पडताहेत. रेझोल्यूशन आधीच ४०९६ आहे, तेव्हा अंतर कमी करा. `fShadowDistance` ८००० चं ४००० केलंत की चौकटीची बाजू निम्मी होते. सावल्या ५७ मीटरपर्यंतच दिसतील, पण जवळच्या सावल्या माडाच्या झावळीसारख्या नीट दिसतील. मला हा सौदा नेहमी परवडतो. लांबच्या माणसाची सावली कोण बघायला जातो?

थांबलात तरी काही क्षणांनी आख्खी सावली एकदम सरकते, पुन्हा थांबते, पुन्हा सरकते, तर तो सूर्य. या गेममध्ये दिवस २० पट वेगानं जातो, आख्खा दिवस ७२ मिनिटांत. सूर्याची दिशा प्रत्येक फ्रेमला बदलली तर सगळ्या सावल्यांच्या कडा कायम वळवळतील, म्हणून गेम सूर्याला थोपवून धरतो आणि मग एकदम पुढे ढकलतो. खात्री करायची तर कन्सोल उघडून वेळ मंद करा:

```
set timescale to 1
```

सावल्यांच्या उड्या थांबल्या तर निदान पक्कं. लगेच परत `set timescale to 20` करा, नाहीतर गेममधलं दुकान उघडण्याची तुमची वाट बघणं संपणार नाही. उपाय `Skyrim.ini` मध्ये `[Display]` खालीच आहे: `fSunUpdateThreshold` वाढवलंत की उड्या कमी वेळा पण जरा मोठ्या होतात, आणि `fSunShadowUpdateTime` नं ती उडी किती वेळात पार पडावी हे ठरतं. थरथर आणि उडी, दोन्ही एकदम जाईल असा आकडा नाही. मी स्वतः उड्या विरळ करतो, कारण खेळताना दर थोड्या वेळानं काहीतरी हललं की लक्ष जातं, क्वचित हललं तर जात नाही.

आणि तिसरं तुमच्या भिंतींवरचे पट्टे. नकाशातली एक चौकट साडेपाच सेंटिमीटरची आणि भिंत तिरपी, म्हणजे त्या एका चौकटीतला भिंतीचा वरचा भाग सूर्याला जवळ, खालचा लांब. पण नोंद एकच. मग अर्धी भिंत स्वतःलाच सावलीत समजते आणि झेब्र्यासारखे पट्टे उमटतात. यावर गेम नोंदीत थोडी सूट मिळवतो: 'एवढ्याशा फरकाला सावली म्हणू नकोस.' ती सूट म्हणजे `fShadowBiasScale`. ती तुमच्या `SkyrimPrefs.ini` मध्ये आहे. जो आकडा असेल त्यात ०.०५ नं वाढ करत जा:

```
[Display]
iShadowMapResolution=4096
fShadowDistance=4000
fShadowBiasScale=0.25
```

हा ०.२५ उदाहरणादाखल आहे, तुमचा आकडा तुमच्या भिंतीवर ठरेल. फार वाढवलंत की उलटा दोष येतो: सावली पायापासून सुटते आणि माणूस जमिनीच्या बोटभर वर तरंगल्यासारखा दिसतो. पट्टे जाऊन पाय जमिनीला टेकलेले राहतील, तिथे थांबा. अंतर आधी बदला आणि ही सूट नंतर, हा क्रम पाळा, कारण चौकट लहान झाली की पट्टे आपोआप निम्मे कमी होतात आणि मग सूट थोडकी पुरते.

आता काळ्या भिंती. यातच नव्या कार्डानं तुमची सर्वांत जास्त दिशाभूल केली आहे.

जांभळं आणि काळं यांत फरक करा. जांभळा रंग म्हणजे गेमला चित्राची फाईल सापडलीच नाही. ती पहिल्या मिनिटापासून जांभळी असते, कार्ड बदलून काही होत नाही. कुठल्या मॉडची वस्तू आहे ते बघा, त्याचं टेक्श्चरचं फोल्डर `Data\textures` मध्ये नीट उतरलंय का ते तपासा. बरेचदा झिप उलगडताना `Data` च्या आत आणखी एक `Data` तयार होतं आणि माणूस शोधत बसतो. मूळ गेमच्याच वस्तू जांभळ्या असतील तर स्टीममधून फायलींची पडताळणी करून घ्या. पुण्याच्या भावाकडून पेनड्राईव्हवर आणलेल्या प्रतीत एखादी `Skyrim - Textures.bsa` अर्धवट असणं मी दोनदा पाहिलंय. आणि कुणाचं `Skyrim.ini` उचलून आपल्याकडे टाकलं असेल, तर `[Archive]` खालच्या `sResourceArchiveList` मध्ये ते नाव शाबूत आहे का बघा. ओळ तुटली तर गेमला आख्खं पोतंच सापडत नाही.

काळ्या पडणाऱ्या किंवा गायब होणाऱ्या भिंती तासाभरानं येतात, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत कामाचा शब्द. वेळ गेल्यावर येणारा दोष म्हणजे काहीतरी भरत चाललंय. २०११ चं स्कायरिम ३२ बिट आहे. `TESV.exe` ला ६४ बिट विंडोजवर जास्तीत जास्त ४ जीबी पत्ते मिळतात, मग मशिनीत ३२ जीबी रॅम असो. आणि हा गेम डायरेक्ट३डी ९ वर चालतो, जिथे टेक्श्चर कार्डावर गेलं तरी त्याची एक प्रत गेमच्या स्वतःच्या पत्त्यांमध्ये राहते. म्हणजे तुमच्या कार्डाचे १२ जीबी मोकळे पडलेत आणि इकडे गेमची ४ जीबीची कोठी त्याच टेक्श्चरांच्या प्रतींनी तुडुंब. जुन्या कार्डावर तुम्ही एवढी मोठी चित्रं टाकायचं धाडसच केलं नव्हतं, म्हणून हे कधी दिसलं नाही.

हिशेब करून बघा. ४०९६ चौरसाचं एक टेक्श्चर, डीएक्सटी५ पद्धतीनं आवळलेलं, ठिपक्याला एक बाइट, म्हणजे १६ एमबी. त्याच्या लहान होत जाणाऱ्या प्रतींसाठी आणखी एक तृतीयांश, एकूण २१ एमबीच्या वर. तेच चित्र २०४८ चं असेल तर सव्वापाच एमबी, १०२४ चं असेल तर दीड एमबीहून कमी. एखाद्या शहरात अशी १०० मोठी चित्रं एका वेळी आली की दोन जीबी संपले, आणि अजून माणसं, आवाज, जमीन, स्क्रिप्ट बाकीच आहेत. एखाद्या हौशी मॉडवाल्यानं चित्र न आवळता ठेवलं असेल तर एकटं ४०९६ चं चित्र ८५ एमबी खातं. मालवणच्या मुलाकडे अशी सात होती. एक तर गाजराचं होतं.

बघायचं कसं? टास्क मॅनेजरच्या `Details` मध्ये `Commit size` हा रकाना चालू करा, गेम खिडकीत चालवा आणि `TESV.exe` च्या ओळीवर नजर ठेवून तासभर फिरा. आकडा ३ जीबीच्या पुढे सरकतोय आणि त्याच सुमारास भिंती काळ्या पडताहेत, तर शंका नको. त्यानंतर थोड्या वेळात गेम न सांगता बंद पडणं हा याचाच पुढचा टप्पा.

उपाय दोन आहेत आणि मी दोन्ही करायला लावतो. एक, चित्रं कापा. अधिकृत हाय रेझोल्यूशन पॅक राहू द्यायचा असेल तर त्याच्यावर लादलेली ४०९६ ची मॉडचित्रं २०४८ वर आणा. डोंगर आणि जमीन मोठी ठेवा, भांडी, गाजरं, पुस्तकं १०२४ ची पुरतात. दोन, गेम आणि कार्ड यांच्यामध्ये डीएक्सव्हीके बसवा. हे डायरेक्ट३डीच्या हाका वल्कनमध्ये भाषांतरित करतं. मुळात ते लिनक्ससाठी बनलं, पण तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर वल्कन १.३ बोलत असेल तर विंडोजवरही चालतं. त्याच्या पुडक्यात `x32` आणि `x64` अशी दोन फोल्डर असतात. तुम्हाला `x32` मधली `d3d9.dll` हवी, `TESV.exe` च्या शेजारी. मशीन ६४ बिट आहे म्हणून दुसरी उचलणारे बरेच आहेत, आणि मग 'काहीच होत नाही' म्हणून फोन करतात. बाजूला `dxvk.conf` नावाची साधी फाईल करा:

```
d3d9.textureMemory = 100
d3d9.maxFrameRate = 60
dxvk.hud = fps,memory
```

पहिली ओळ मुद्द्याची. टेक्श्चरांच्या त्या दुहेरी प्रती गेमच्या पत्त्यांत जास्तीत जास्त १०० एमबीपर्यंतच उघड्या ठेवायच्या, बाकीच्या बाहेर. हा आकडा डीएक्सव्हीकेचा मूळचाच आहे, मी फक्त डोळ्यांसमोर राहावा म्हणून लिहितो. तिसऱ्या ओळीनं पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसतात. ते दिसले नाहीत, किंवा गेमच्या फोल्डरमध्ये `TESV_d3d9.log` तयार झालं नाही, तर डीएक्सव्हीके लागलेलंच नाही असं समजा. खात्री पटली की ती ओळ काढून टाका.

इथे दोन खड्डे आहेत. तुमच्याकडे आधीपासून ईएनबी हा दृश्यं खुलवणारा मॉड असेल तर त्याचीही फाईल `d3d9.dll` याच नावाची असते. एका जागेवर दोन बसत नाहीत, दुसरी टाकताना पहिली पुसली जाते. दोनपैकी एक निवडा. आणि पहिल्या तासात गेम जागोजागी अडखळेल, कारण शेडर नव्यानं तयार होत असतात. त्याला घाबरून डीएक्सव्हीके काढू नका, त्याच वाटेवरून दुसऱ्यांदा गेलात की अडखळणं कमी झालेलं असेल.

डीएक्सव्हीकेनं डोंगर थांबणार नाहीत, सावल्याही नाहीत. गेम कार्डाला जे आकडे देतो तेच तेही देतं. म्हणून वरचा क्रम सांगितला: आधी डोंगर, मग सावल्या, शेवटी हे. सगळं एकदम बदललंत तर कशानं काय झालं ते कळणार नाही, आणि तुम्ही चौथ्यांदा ड्रायव्हर पुसाल.

`uGridsToLoad` वाढवून लांबचे डोंगर 'खरे' करा, असं कुणीतरी सांगेलच. नका करू. ५ चं ७ केलं की एका वेळी २५ ऐवजी ४९ खणांची जमीन पूर्ण तपशिलात मेमरीत येते. तुमची ४ जीबीची कोठी आधीच भरलीय. शिवाय त्या सेटिंगवर केलेला सेव्ह नंतर पुन्हा ५ वर आणताना त्रास देतो.

२०१६ ची स्पेशल एडिशन घेतलीत तर ती ६४ बिट आणि डायरेक्ट३डी ११ वर असल्यानं काळ्या भिंतींचा प्रश्नच मिटतो. पण तुमचे जुने मॉड तिथे जसेच्या तसे चालत नाहीत, आणि डोंगर तिथेही लुकलुकतात. मालवणच्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं मॉडची यादी पाहिली, मान हलवली आणि जुन्यावरच राहिला. त्याचं आज असं चालू आहे: काच २३, सावली ४०००, सात मोठी चित्रं कापलेली, `Commit size` दोन तास फिरूनही २.४ जीबीच्या आत. एक शिखर अजून लुकलुकतं. त्या बाजूला तो बघत नाही.